एफआयआरची प्रत कशी वाचावी : एका पार्किंगच्या भांडणाचा कागद

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "सर, एवढं जरा वाचून सांगता का? मराठीतच आहे, पण मला काही कळत नाही." तो कागद म्हणजे पोलीस ठाण्यातून मिळालेली प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत. आजचं व्याख्यान त्या कागदावरच आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि नावं, गाव, क्रमांक काहीही मी सांगणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी वकील नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. पण विधी महाविद्यालयात बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर एका मोफत सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसतो. सल्ला तिथले वकील मित्र देतात. माझं काम आलेल्या माणसाला त्याचाच कागद वाचून दाखवणं, एवढंच. तेव्हा मी सांगतो ते कागद वाचायला शिकण्यासाठी घ्या. स्वतःच्या प्रकरणात निर्णय करताना मात्र वकिलाकडे जा.

तर प्रकरण असं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटीत पार्किंगच्या जागेवरून वाद होता, जुनाच. एका रविवारी रात्री सव्वानऊला त्यांचा मुलगा गाडी लावायला खाली गेला. शेजारच्या इमारतीतला एक माणूस आणि त्याच्याबरोबर आणखी एक जण, दोघांनी त्याला मारलं. एकाच्या हातात चाक खोलायचा लोखंडी पाना होता. मुलाच्या हाताला लागलं. रात्री सरकारी दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी फिर्याद दिली. आणि वडिलांचा संताप हा, की "मुलाचा हात मोडला, सर, आणि पोलिसांनी लिहिलंय साधी दुखापत! दोघं होते, नाव एकाचंच! हा कागदच खोटा आहे."

कागद खोटा नव्हता. काय होता, ते बघू या.

पहिल्या पानावर रकाने असतात. साऱ्या देशात हा नमुना जवळपास एकच आहे, वर बारीक अक्षरात आय.आय.एफ.-१ असं छापलेलं दिसेल. पहिल्या रकान्यात जिल्हा, पोलीस ठाणे, वर्ष आणि खबरीचा क्रमांक. हाच तो गुन्हा रजिस्टर नंबर, आपल्याकडे 'गु.र.नं.' म्हणतात. पुढे कोर्टात, दवाखान्यात, विम्याच्या कार्यालयात, सगळीकडे हाच विचारतात. तो वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

दुसरा रकाना कलमांचा, त्याकडे परत येतो. लोक आधी तिथेच जातात आणि तिथेच अडकतात. मी आधी तिसरा वाचतो.

तिसऱ्या रकान्यात दोन वेळा असतात. घटना कधी घडली, आणि पोलीस ठाण्याला माहिती कधी मिळाली. त्याखाली स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक आणि त्याची वेळ. आपल्या कागदात घटना रविवारी २१.१५, माहिती मिळाली सोमवारी १३.४०. मधे सोळा तास पंचवीस मिनिटं गेली. आता खाली आठव्या रकान्यावर या. तिथे छापलेलं असतं, 'तक्रार देण्यास विलंब झाल्यास त्याची कारणे'. आपल्या प्रतीत तो रकाना कोरा होता.

हा कोरा रकाना मला कलमांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. का? कारण खटला उभा राहिला की आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, "सोळा तास काय करत होता? घरी बसून गोष्ट रचत होता का?" उशीर झाला म्हणून फिर्याद बाद होत नाही, हे नीट लक्षात घ्या. न्यायालयं उशिराचं कारण बघतात. कारण पटण्यासारखं असेल तर उशीर मारक ठरत नाही. आणि इथे कारण तर होतंच! मुलगा रात्री दवाखान्यात होता, हाताला सूज होती, इंजेक्शन देऊन झोपवलं होतं. दवाखान्यातल्या कागदावर आल्याची वेळ होती, २२.०५. पण मुलाने फिर्याद देताना ते सांगितलं नाही, आणि लिहिणाऱ्यानेही विचारलं नाही. दोष कोणाचा हा वाद नको. ती माहिती कुठल्या मार्गाने नोंदीवर आणता येईल, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर थोड्या वेळाने येईल.

चौथा रकाना माहिती लेखी दिली की तोंडी. पाचवा घटनास्थळ, ठाण्यापासून दिशा आणि अंतर. सहाव्यात फिर्यादी. सातव्यात आरोपी, आणि इथे लिहिलं होतं, एक नाव आणि त्याखाली 'सोबतचा एक अनोळखी इसम'. नववा, दहावा, अकरावा हे चोरीच्या मालाचे आणि मयताच्या प्रकरणातले, आपल्याकडे ते रिकामे. आणि मग बारावा. तिथे खरी हकीकत असते, बहुतेक वेळा जागा पुरत नाही म्हणून वेगळ्या पानावर जोडलेली.

पोलिसी मराठीची एक स्वतंत्र वळणदार शैली आहे. 'मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद लिहून देतो की' इथून सुरुवात होते आणि पूर्णविराम थेट पानाच्या तळाशी भेटतो. आपल्या कागदात, थोडक्यात सांगतो, असं होतं : सदर इसमाने गाडी लावण्याच्या कारणावरून शिवीगाळ व दमदाटी करून, हाताबुक्क्यांनी मारहाण करून, लोखंडी रॉडने डाव्या हातावर मारून दुखापत केली, त्याचे सोबतच्या इसमाने मला धरून ठेवले, व जाताना 'परत इथे गाडी लावलीस तर जिवंत सोडणार नाही' अशी धमकी दिली.

हे वाक्य वाचताना मी एक युक्ती करतो, तुम्हीही करा. कोरा कागद घ्यायचा आणि त्या लांबलचक वाक्यातली क्रियापदं एकाखाली एक लिहायची. शिवीगाळ केली. बुक्क्यांनी मारलं. रॉडने मारलं. धरून ठेवलं. धमकी दिली. झाली पाच. आता दुसऱ्या रकान्यातली कलमं समोर ठेवा. भारतीय न्याय संहिता, २०२३, कलमे ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). तीही पाच! हा योगायोग नाही. प्रत्येक कलमाला हकीकतीत एक क्रियापद असतं. असायलाच हवं. कलमाला जोडीचं क्रियापद सापडत नसेल तर ते कलम हवेत आहे, आणि क्रियापद आहे पण कलम नाही असं असेल तर काहीतरी सुटलंय.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना ही कलमं अनोळखी वाटतील. आपल्या कानाला सवय '३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४' या पाढ्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्यांना नवे आकडे लागतात. पाढा तोच आहे. शिवीगाळ म्हणजे कलम ३५२, पण नुसत्या शिवीने ते लागत नाही. समोरच्याने चिडून शांतता भंग करावी अशा हेतूने, किंवा तो तसं करेल हे माहीत असून केलेला अपमान हवा. बुक्क्यांनी मारणं हे ११५(२), साधी दुखापत, एक वर्षापर्यंत शिक्षा. धमकी ३५१(२). 'धरून ठेवलं' याचा संबंध ३(५) शी आहे. ते कलम स्वतः गुन्हा सांगत नाही. ते सांगतं की अनेकांनी समान इराद्याने एखादं कृत्य केलं असेल, तर ज्याने पाना चालवला नाही त्याच्यावरही त्या कृत्याची जबाबदारी येते, जणू ते त्याने एकट्यानेच केलं. म्हणून धरून ठेवणारा 'मी तर हातही उगारला नाही' एवढं म्हणून सुटत नाही.

आणि ११८(१). धोकादायक हत्याराने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या साऱ्या प्रकरणाचा कणा हे कलम आहे. बघा कसा तो. कायदा गुन्ह्यांचे दोन वर्ग करतो, दखलपात्र आणि अदखलपात्र. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. लोक सांगतात ना, "नुसती एनसी लिहून घेतली आणि परत पाठवलं", ते हे. आता आपल्या पाचातली साधी दुखापत, अपमान, धमकी ही तिन्ही कलमं अदखलपात्र आहेत. एकटं ११८(१) दखलपात्र. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं की प्रकरणात अनेक गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र समजायचं. म्हणजे तो लोखंडी पाना नसता, तर हा कागदच नसता. एनसीची एक चिठ्ठी हातात पडली असती.

पण थांबा. मी 'पाना' म्हणतोय आणि कागदात 'रॉड' आहे! मी मुलाला फोनवर विचारलं, तू काय सांगितलं होतंस? तो म्हणाला, "मी पाना म्हणालो होतो, त्यांनी रॉड लिहिलं. मला वाटलं एकच." एकच नाही. ११८ व्या कलमाला कुठलीही वस्तू चालत नाही. गोळी मारायचं, भोसकायचं, कापायचं साधन हवं, किंवा हत्यार म्हणून वापरलं तर मृत्यू येऊ शकेल असं साधन हवं. मग ती वस्तू किती लांब, किती जड, हे महत्त्वाचं ठरतं. पुढे तपासात पोलीस पंचांसमक्ष पाना जप्त करतील, पंचनाम्यात 'लोखंडी पाना' लिहितील, आणि न्यायालयात उलटतपासणीत विचारलं जाईल, "मार रॉडचा होता की पान्याचा? मग रॉड कुठे गेला?" प्रश्न पोरकट वाटतो, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, तीन वर्षांनंतर, त्याचं उत्तर देणं सोपं नसतं.

आता वडिलांच्या मूळ रागाकडे येऊ. हात मोडला, तरी 'दुखापत' का लिहिलं?

संहितेत दुखापत आणि गंभीर दुखापत यांच्यात स्पष्ट भिंत आहे. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं याची यादीच कलम ११६ मध्ये दिली आहे, आणि त्या यादीत हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं हे आहे. किती दुखलं यावर ते अवलंबून नाही. सूज कितीही असो, हाड शाबूत असेल आणि यादीतलं दुसरं काही नसेल, तर कायद्याला ती साधी दुखापतच. उलट केसाएवढी भेग जरी हाडाला असली तरी गंभीर. मग तारखा आणि वेळा बघा. दवाखान्यातल्या रात्रीच्या कागदावर होतं, 'डाव्या हाताला सूज, क्ष-किरण तपासणीचा सल्ला'. फिर्याद सोमवारी १३.४० ला. आणि क्ष-किरण फोटो सोमवारी संध्याकाळी सहाला, त्यात कोपराखालच्या, करंगळीच्या बाजूच्या हाडाला मोड. म्हणजे फिर्याद लिहिली तेव्हा हाड मोडल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. ना मुलाला, ना डॉक्टरला, ना लिहिणाऱ्या हवालदाराला. माहीत नसलेली गोष्ट त्यांनी लिहिली नाही. हे त्यांनी बरोबरच केलं!

वडिलांना हे पटायला वेळ लागला. मग मी त्यांना त्या मोडलेल्या हाडाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. डोक्यावर येणारा फटका अडवायला माणूस हात वर करतो, तेव्हा नेमकी हीच बाजू पुढे येते आणि हेच हाड मोडतं. डॉक्टर मंडळींना हा मोड चांगला परिचयाचा आहे. म्हणजे हा फोटो कदाचित असंही सुचवतो की फटका हातावर मारलेला नव्हता, डोक्याच्या दिशेने आला होता. हकीकतीत तर लिहिलंय 'डाव्या हातावर मारून'. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "हो, डोक्यावरच मारत होता, मी हात आडवा घातला." ही एवढी मोठी गोष्ट फिर्यादीत नाही! कारण माणूस घटना सांगताना घड्याळाच्या क्रमाने सांगत नाही. जिथे दुखतंय तिथून सांगतो.

यातून मूळ प्रश्न येतो. एफआयआर हा कागद नक्की काय सिद्ध करतो? इथे माझा विषय थोडा मधे आणतो, रागावू नका. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नाही. जो विषय नीट जाणतो आणि जसा जाणला तसा सांगू इच्छितो, त्या आप्ताचा शब्द. एफआयआरला कायदा आप्तवचनाचा दर्जा देतच नाही. त्या दिवशी, त्या वेळी, या माणसाने असं असं सांगितलं, एवढंच त्या कागदावरून कळतं. सांगितलेलं खरं आहे की नाही हे पुढे साक्षीपुराव्याने ठरायचं. न्यायालयात एफआयआर हा स्वतंत्र, ठोस पुरावा धरत नाहीत. फिर्यादी साक्षीला उभा राहिला की त्याच्या बोलण्याला दुजोरा द्यायला, किंवा त्याचं बोलणं खोडून काढायला तो वापरतात. दुधारी आहे. म्हणून त्यात काय आहे आणि काय नाही हे फिर्यादीनेच आधी वाचायला हवं.

आणि त्यात चुका असू शकतात. इतिहासातलं उदाहरण देतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, त्याची एफआयआर दिल्लीच्या तुघलक रोड पोलीस ठाण्यात उर्दूत नोंदवलेली आहे. फिर्यादी होते नंदलाल मेहता, ते बिर्ला हाऊसमध्ये हजर होते. त्या फिर्यादीत मारेकऱ्याचं नाव 'नारायण विनायक गोडसे' असं लिहिलं आहे, आणि हे नाव मला मागाहून कळलं, असं मेहतांनी त्यातच सांगितलं आहे. नाव चुकलं होतं. त्यात एकच आरोपी, कलम एकच, ३०२. कटाचा उल्लेख नाही. पुढे लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात आठ जण बसले आणि कटाचा आरोप ठेवला गेला. फिर्यादीतल्या नावाच्या चुकीने खटला काही कोसळला नाही. ऐकीव नाव ऐकीव म्हणूनच सांगितलं होतं, याला मी फार महत्त्व देतो.

आता आपल्या कागदातल्या त्या 'अनोळखी इसमा'कडे वळा. वडिलांना दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून कळलं की तो त्या माणसाचा मेहुणा. ते म्हणाले, "मी ठाण्यात जाऊन फिर्यादीत नाव घालून आणतो." मी म्हटलं, तसं होत नाही. एकदा नोंदवलेली फिर्याद कोणालाही दुरुस्त करता येत नाही, ना तुम्हाला ना पोलिसांना. ती खोडता येत नाही, तीत भर घालता येत नाही, आणि त्याच घटनेबद्दल त्याच बाजूची दुसरी फिर्याद नोंदवता येत नाही. मग मार्ग कोणता? पुरवणी जबाब. तपास अधिकारी साक्षीदारांचे जबाब घेतात ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली. फिर्यादीचाही असा आणखी जबाब घेता येतो.

मुलाने काय केलं ते सांगतो. एका साध्या कागदावर तपास अधिकाऱ्याला अर्ज लिहिला, फक्त चार गोष्टींचा. एक, रात्री दवाखान्यात होतो म्हणून फिर्याद द्यायला उशीर झाला, दाखल झाल्याची वेळ अमुक, कागद सोबत जोडला आहे. दोन, हत्यार म्हणजे चाक खोलायचा पाना होता, साधारण हातभर लांब. तीन, तो डोक्यावर मारत असताना मी डावा हात आडवा घातला. चार, दुसऱ्या इसमाला मी त्या आधी पाहिलं नव्हतं, पुन्हा पाहिल्यास ओळखू शकेन. नाव लिहायचं नाही असं मीच त्याला म्हटलं. नाव त्याला माहीत नव्हतं, वॉचमनला होतं. ते वॉचमनच्या जबाबात येऊ दे. त्याच्या तोंडी ते आलं असतं तर प्रश्न आला असता, "आधी अनोळखी, आठ दिवसांत ओळखीचा कसा झाला?" अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच विसरू नका. बाकी काही विसरलात तरी चालेल.

पोलिसांनी पुरवणी जबाब घेतला, वॉचमनचा जबाब घेतला, क्ष-किरण अहवाल आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागवलं, आणि न्यायालयाला अहवाल दिला की या गुन्ह्यात कलम ११८(२) वाढवलं आहे. याला पोलिसी भाषेत 'कलमवाढ' म्हणतात. एफआयआरचा कागद तसाच राहतो, कलमवाढीचा अहवाल वेगळा जातो.

आणि या एका कंसातल्या आकड्याने काय बदललं बघा. ११८(१) ला जास्तीत जास्त तीन वर्षं. ११८(२), म्हणजे धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, तिथे किमान एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत, किंवा जन्मठेपसुद्धा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. अटकेची गरज का आहे ते लेखी नोंदवायचं, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, कलम ३५(३) ची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे जुन्या कायद्याखाली बजावून सांगितलं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात आरोपी सोसायटीसमोर चहा पीत उभा दिसायचा आणि वडिलांचं रक्त उकळायचं, "पोलीस सामील आहेत!" सामील नव्हते, नोटीस दिलेली होती. कलमवाढ झाल्यावर तो सात वर्षांचा आडोसा गेला. आरोपी सत्र न्यायालयात गेला आणि त्याला अटकपूर्व जामीन मिळाला, साक्षीदारांना भेटायचं नाही अशा अटींवर. वडील पुन्हा माझ्याकडे. "अजामीनपात्र आहे ना, मग जामीन कसा?" अजामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क म्हणून मागता येत नाही, द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. जामीन मिळतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. हा शब्दच फसवा आहे.

शेवटचे रकाने राहिले. तेराव्यात केलेली कारवाई, तपास कोणाकडे दिला त्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. इथून पुढे पोलीस ठाण्यात याच नावाची चौकशी करायची. त्याखाली छापलेलं असतं की फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवली, बरोबर असल्याचं त्याने मान्य केलं आणि प्रत मोफत दिली. चौदाव्यात फिर्यादीची सही. बघा, वाचून दाखवल्यावर सही आहे. म्हणजे 'मी पाना म्हणालो होतो' हे बोलायची जागा तिथे होती, सही करण्याआधी. दुखऱ्या हाताने, रात्रभर न झोपलेला मुलगा ते बोलला नाही, हे मी समजू शकतो. पंधरावा रकाना, न्यायालयाकडे पाठवल्याची तारीख आणि वेळ. हा मात्र तपासा. एफआयआर विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवी, म्हणजे मागची तारीख घालून मजकूर बदलायला वाव राहत नाही.

प्रत मिळवण्याबद्दल. फिर्यादीला आणि पीडिताला ती मोफत मिळते, कलम १७३(२). आरोपीलाही मिळू शकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की एफआयआर साधारण चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून.

पुढे काय होतं? तपास संपला की पोलीस अहवाल न्यायालयात जातो, कलम १९३ खाली. पुरावा पुरेसा असेल तर दोषारोपपत्र. नसेल तर महाराष्ट्रात 'समरी' पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. ब समरी म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. क समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी आली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. दंडाधिकाऱ्याने ती स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात ठरवून दिलं आहे. म्हणून पत्ता बदलला तर ठाण्यात कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि लोक म्हणतात आम्हाला कोणी विचारलंच नाही. नव्या संहितेत आणखी एक चांगली सोय झाली आहे, तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं. कळवलं नाही तर लेखी विचारा, पुन्हा पोच घेऊन.

आपल्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झालं. दोन आरोपी, मेहुण्याच्या नावासह. पाना जप्त आहे. खटला अजून उभा राहायचा आहे.

एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "फिर्याद मागे घेता येते का?" या प्रकरणातही तो विषय निघाला होता, सोसायटीतल्या चार वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली. एफआयआर मागे घेण्याची तरतूद नाही. काही गुन्हे आपसात मिटवता येतात, त्यांची यादी कलम ३५९ मध्ये आहे. साधी दुखापत, अपमान, धमकी ही त्या यादीत आहेत. ११८ ची दोन्ही पोटकलमं नाहीत. तडजोड झाली तरी दोन्ही बाजूंना उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करायची विनंती करावी लागते, आणि गुन्हा किती गंभीर आहे हे बघून न्यायालय ती मान्य करतं किंवा नाकारतं. वडिलांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, हाताची पट्टी निघू दे, मग बोलू. पट्टी निघाली आहे. अजून बोलणं झालेलं नाही.